मोडीच्या ॲपचा स्वागताचा मेल: कामाच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

आजपासून स्वागताचा मेल हातात घेतला. आमच्या मोडी शिकवणाऱ्या ॲपमध्ये कोणी नाव नोंदवलं की मिनिटाभरात जो मेल जातो, तो. धडे, बोरूची वळणं, बाराखडीचा सराव यांतच वर्ष गेलं आणि हा मेल पहिल्या दिवशी लिहिला तसाच राहिला.

निमित्त झालं इथल्या, इंदूरच्या रामबागेतल्या एका आजींच्या फोनचं. त्यांच्याकडे सासऱ्यांच्या पेटीतले मोडी कागद आहेत, ते स्वतः वाचावेत म्हणून शनिवारी त्यांनी नातवाकडून नाव नोंदवून घेतलं. मेल आला. शेवटी लिहिलं होतं, ‘आपल्याला काही प्रश्न असल्यास अवश्य विचारा.’ आजींनी त्याच मेलला उत्तर देऊन प्रश्न विचारला. लगेच इंग्रजी पत्र परत आलं, वर ठळक अक्षरांत `Address not found`. आजींना वाटलं आपल्याच हातून काही बिघडलं आणि खातं बंद झालं. दोन दिवस त्यांनी ॲप उघडलंच नाही. मग वहिनींना फोन केला, तोही माफी मागायला.

चूक पूर्णपणे आमची. मेल `noreply@` या पत्त्यावरून जातो आणि त्या पत्त्याची पेटी आम्ही कधी उघडलीच नव्हती. विचारा म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं, असं झालं. वर्षभरात आणखी किती जणांनी असं उत्तर दिलं असेल हे आता कळायला मार्ग नाही, कारण परत गेलेल्या पत्राची प्रत पाठवणाऱ्याकडे जाते, आमच्याकडे काही येत नाही.

३ जून, मंगळवार

आधी उत्तराची वाट मोकळी केली, मजकुराचं नंतर.

सोपा उपाय होता की पाठवणाऱ्याचा पत्ता तोच ठेवायचा आणि मेलच्या माथ्यावर `Reply-To` लिहून उत्तरं दुसरीकडे वळवायची. उत्तराचं बटण दाबलं की फोन तोच पत्ता उचलतो, त्यामुळे बहुतेकांचं काम होईल. पण मी तसं केलं नाही. आमचे बरेच शिकणारे साठीच्या पुढचे आहेत. ते मेल बंद करून दुसऱ्या दिवशी निवांत नवा मेल लिहायला बसतात आणि पत्ता जुन्या मेलच्या माथ्यावरून बघून टाईप करतात. तिथं `noreply` दिसलं की प्रश्न पुन्हा हरवला. म्हणून जिथून मेल जातो तोच पत्ता, तोच उत्तराचा पत्ता, आणि तो माणसाने वाचायचा: `prashna@` आणि पुढे आमचं डोमेन. `Reply-To` ची ओळच काढून टाकली.

पेटी एकच, ती मी आणि वहिनी दोघी उघडतो. काकांना (मोडी वाचणारे आमचे काका, ज्यांच्या डोळ्यांवर हे सगळं उभं आहे) वहिनी प्रश्न छापून नेऊन देतात. ते उत्तर कागदावर लिहितात, वहिनी टाईप करतात. काकांना मेल शिकवण्याचा विचार मी सोडून दिला. त्यांचा वेळ अक्षरांवर जावा.

पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी ॲपचं नाव होतं. ते ठेवलं, पण पुढे ‘मोडी वर्ग’ जोडलं. फोनच्या यादीत आधी नाव दिसतं, विषय नंतर. बँका आणि दुकानांच्या नावांच्या गर्दीत ‘वर्ग’ हा शब्द ओळखीचा वाटतो.

५ जून, गुरुवार

नमस्कारावर अख्खी दुपार गेली.

सध्या मेल ‘प्रिय’ आणि पुढे नोंदणीतलं नाव असा सुरू होतो. नोंदणीतली नावं काढून पाहिली. कोणी फक्त आद्याक्षरं लिहिली आहेत, कोणी आडनाव आधी, कोणी नातवाचं नाव, कारण फोन त्याचा. बरीच नावं रोमन लिपीत आहेत, तीही सगळी मोठ्या अक्षरांत. काहींनी जागा मोकळी सोडली, तिथं ‘प्रिय ,’ एवढंच गेलं असणार. नाव घालून जवळीक वाढते म्हणतात, पण चुकीच्या नावाने हाक मारण्यापेक्षा न मारलेली बरी. नाव काढलं, ‘नमस्कार’ ठेवला. नाव पुढच्या पत्रात वापरू, जेव्हा माणूस स्वतःच्या सहीने लिहील.

दुसरा वाद ‘तुम्ही’ की ‘आपण’. माझ्या हाताला ‘तुम्ही’ सरळ येतं. पण वहिनींच्या आईंनी मसुदा वाचून सांगितलं, “अगं, पहिल्याच पत्रात तुम्ही?” दिवसभर बाहेर हिंदीत ‘आप’ ऐकणाऱ्या इंदूरच्या मराठी कानाला ‘तुम्ही’ हे ‘तुम’च्या शेजारचं वाटतं, हे मला पटलं. ‘आपण’ ठरलं.

त्यातून एक अडचण निघाली. मराठीत ‘आपण’ म्हणजे समोरचाही आणि सगळे मिळूनही. ‘आपण उद्या पहिला धडा पाहू’ आणि ‘आपण आम्हाला विचारू शकता’ ही दोन वाक्यं एकाखाली एक आली की कोण काय करणार ते क्षणभर कळत नाही. म्हणून पत्रात ‘सगळे मिळून’ या अर्थाचा ‘आपण’ कुठेच ठेवला नाही. आमच्यासाठी ‘आम्ही’, वाचणाऱ्यासाठी ‘आपण’.

९ जून, सोमवार

नवा मसुदा सहा फोनांवर पाठवून पाहिला. पत्राच्या माथ्यावर मी मोडीत ‘नमस्कार’ लिहिला होता, मला तो फार आवडला होता. सहापैकी चार फोनांवर तिथं रिकाम्या चौकटींची रांग दिसली.

कारण सरळ आहे. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० या आवृत्तीत आली, पण अक्षराला क्रमांक मिळाला म्हणजे प्रत्येक फोनमध्ये त्याचा फॉन्ट असतो असं नाही. ॲपमध्ये हे कधी जाणवलं नाही, कारण तिथं फॉन्ट आम्ही सोबतच देतो. मेलमध्ये तो सोबत जोडून उपयोग नाही, जीमेल बाहेरून आणलेला फॉन्ट वापरतच नाही. आणि मोडी शिकायला आलेल्या माणसाला चौकटी दिसल्या तर तो त्यांनाच मोडी समजेल. एका भाच्याने खरंच विचारलं, “मावशी, ही अक्षरं आहेत का?”

म्हणून मोडी आता चित्रातून. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या शाईची, काकांच्या हातची एक ओळ, रुंदी ६०० पिक्सेल. चित्राला पर्यायी मजकूर दिला: ‘काकांनी बोरूने मोडीत लिहिलेला नमस्कार’. काही ठिकाणी, विशेषतः कचेऱ्यांमधल्या आउटलुकमध्ये, चित्रं आपोआप उघडत नाहीत, तिथं निदान हे वाक्य दिसेल. काम सांगणारा मजकूर मात्र एकही चित्रात घातला नाही. चित्र दिसलं नाही तरी पत्र पूर्ण वाचता आलं पाहिजे.

काकांनी ओळ लिहिताना आधी नेहमीसारखी पूर्ण रेघ ओढली आणि मग अक्षरं तिला टांगली. चित्रात ती रेघ डावी-उजवीकडे अक्षरांच्या पुढे थोडी जाते. मी ती कापायला निघाले होते. बरं झालं विचारलं.

१२ जून, गुरुवार

विषयाची ओळ तुटते आहे. हे मला आधीच दिसायला हवं होतं.

विषय होता ‘मोडी शिकायला आलात, आता पहिला प्रश्न विचारा’. माझ्या पेटीत नीट. वहिनींच्या फोनमधल्या दुसऱ्या मेल ॲपमध्ये ‘आलात’च्या जागी ‘आला’ आणि पुढे काळ्या चौकोनात प्रश्नचिन्हं. जुने विषय पाहिले, तर काही सगळीकडे बरोबर, काही एखाद्याच ठिकाणी तुटलेले. त्यामुळे आधी वाटलं वहिनींच्या फोनचा दोष आहे.

शोधत बसले तेव्हा कळलं. मेलच्या माथ्यावर देवनागरी थेट जात नाही, ती आधी बेस६४ पद्धतीने रोमन अक्षरांत गुंडाळली जाते. आरएफसी २०४७ या नियमानुसार गुंडाळलेला एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. त्यातली १२ अक्षरं खुणेची: सुरुवातीला `=?UTF-8?B?` आणि शेवटी `?=`. उरली ६३. बेस६४ चार-चार अक्षरांच्या गटात चालतं, म्हणून वापरात ६०, आणि ६० अक्षरांत मावतात ४५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते ‘म’ असो की काना, तीन बाइटचं. म्हणजे एका तुकड्यात बरोबर १५ चिन्हं.

आमच्या जुन्या प्रोग्रामात मी हे कापणं हाताने लिहिलं होतं: दर ४५ बाइटला काप. सलग देवनागरी असेल तर काप नेमका चिन्हाच्या हद्दीवर पडतो. पण मोकळी जागा एकच बाइट घेते. या विषयात पहिल्या ४५ बाइटमध्ये दोन मोकळ्या जागा आहेत. उरले ४३, त्यात १४ चिन्हं पूर्ण बसतात आणि एक बाइट उरतो. ‘मोडी’ची चार, ‘शिकायला’ची सात, ‘आला’ची तीन, झाली १४. पंधरावा ‘त’. त्याचा पहिला बाइट एका तुकड्यात, बाकीचे दोन पुढच्यात. तोच ‘त’ फुटला होता. मोकळ्या जागा तीन असत्या तर काप पुन्हा हद्दीवर पडला असता, म्हणून काही विषय वर्षभर बिनबोभाट गेले.

जीमेल बहुधा तुकडे आधी जोडतं आणि मग उलगडतं, म्हणून तिथं दिसत नव्हतं. पण नियम स्पष्ट आहे: एक चिन्ह दोन तुकड्यांत वाटायचं नाही. फोनचा दोष नव्हता, माझ्या कापण्याचा होता. हातचं काढून पायथनची तयार सोय लावली, ती चिन्हाच्या हद्दीवरच कापते:

```python
from email.header import Header

vishay = "मोडी शिकायला आलात, आता पहिला प्रश्न विचारा"
print(Header(vishay, "utf-8").encode())
```

शिवाय विषय छोटा केला. फोनच्या यादीत शेवटचं ‘विचारा’ दिसतच नव्हतं. आता विषय: ‘मोडीचा पहिला प्रश्न विचारा’.

१६ जून, सोमवार

सकाळी नवा मेल सुरू केला. आज तीन जणांना गेला. पेटी रिकामी.

२० जून, शुक्रवार

पाच दिवसांत १९ मेल गेले, एकही परत आला नाही, एकही उत्तर नाही. वाट मोकळी आहे हे मी स्वतः उत्तर पाठवून तपासलं. म्हणजे आता अडतंय ते शब्दांत.

मसुद्यात वाक्य होतं, ‘मोडीबद्दल मनात असलेला कोणताही प्रश्न निःसंकोच विचारा.’ रामबागेतल्या आजींकडे वहिनी आणि मी गेलो. पोहे झाले, पेटी बाहेर आली, कागद पाहिले. मग मी विचारलं, “आजी, आता पत्ता चालू आहे, मग पुन्हा प्रश्न का नाही पाठवला?” त्या म्हणाल्या, “काय विचारू ते कळायला आधी थोडं यायला नको का? आणि इतकं साधं विचारलं तर तुमचे काका काय म्हणतील?”

यात दोन गोष्टी आल्या. ‘कोणताही प्रश्न’ म्हटलं की नवशिक्याला चांगला प्रश्न शोधून काढावा लागतो, आणि त्याच्याकडे नेमकं तेच नसतं. प्रश्नाला नाव द्यायला शब्द लागतात: हे जोडाक्षर आहे का, हा आकडा आहे का, ही खूण कशाची. ते शब्द तर त्याला इथं शिकायचे आहेत. आणि ‘निःसंकोच’ लिहून संकोच जात नाही. दुसऱ्याने विचारलेला साधा प्रश्न दिसला तर कदाचित जाईल.

आजींच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवून मी विचारलं, “यातली कुठली ओळ अडते?” त्यांनी लगेच दाखवली. बोट ठेवायला शब्द लागत नाहीत. घरी येता येता राजवाड्यापाशी वहिनी म्हणाल्या, “मग प्रश्न मागूच नका, बोट मागा.” तसंच केलं. नवं वाक्य: ‘आपल्याकडे मोडी कागद असेल तर अडलेल्या एका ओळीचा फोटो काढून याच मेलला उत्तर म्हणून पाठवा. काही लिहायची गरज नाही.’

एकच ओळ का, यावर काकांचा आग्रह आहे. पूर्ण कागद आला तर तो ‘वाचून द्या’ होतं. एक ओळ आली तर ‘शिकवा’ राहतं.

ज्यांच्याकडे कागद नाही त्यांचं काय? वहिनींचं म्हणणं होतं, नाव मोडीत लिहून देऊ म्हणावं, लोक आनंदाने लिहितील. लिहितील खरं, पण मग घरातल्या सगळ्यांची नावं येतील, आणि त्यात शिकणं काकांचंच होईल. थोडं उलटं केलं: ‘पहिला धडा झाल्यावर आपलं नाव आपणच मोडीत लिहा आणि फोटो पाठवा. वळण चुकलं असेल तिथं आम्ही खूण करून देऊ.’

आणि खाली एक खरा, साधा प्रश्न उत्तरासकट घातला. आजींनीच विचारलेला होता, त्यांची परवानगी घेतली: ‘मोडीत ऱ्हस्व-दीर्घ कसं ओळखायचं?’ उत्तर: ‘ओळखता येत नाही. मोडीत इकार आणि उकार एकाच प्रकारे लिहितात. दिन की दीन हे वाक्यावरून ठरवावं लागतं.’ हे उत्तर मुद्दाम निवडलं. काकांनाही ते अक्षरावरून ठरवता येत नाही हे वाचल्यावर विचारणाऱ्याची भीड कमी होईल असं वाटतं.

२४ जून, मंगळवार

आला! पहिला प्रश्न. लोकमान्य नगरातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून. फोटो, आणि खाली एकच ओळ: ‘यात मध्येच छ का आहे?’

काका दुपारी आले तेव्हा फोटो छापून तयार ठेवला होता. मोडीत शब्दांत जागा सोडत नाहीत, म्हणून त्यांनी आधी पेन्सिलीने तिरप्या रेघा मारून शब्द वेगळे केले. ओळ निघाली: ‘सु॥ खमस सबैन मया व अलफ छ ७ रजब’. त्यांचं उत्तर असं गेलं:

“छ हा तारखेच्या आधी येतो. मुसलमानी महिन्यातली चांद्र तारीख आहे एवढीच ती खूण. म्हणजे रजब महिन्याची ७ तारीख. आधीचे शब्द वर्षाचे आहेत. सु॥ म्हणजे सुहूर सन. शब्द अरबी आकड्यांचे: खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकं आधी आणि हजार शेवटी लिहितात. बेरीज ११७५. सुहूर वर्ष मृग लागला की सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरातल्या तारखेला ५९९ मिळवायचे, पुढच्या पाच महिन्यांतल्या तारखेला ६००. त्या वर्षी रजब सप्टेंबरात आला, म्हणून ५९९. आपला कागद सप्टेंबर १७७४चा आहे, अहिल्याबाईंच्या काळातला. आता याच कागदाच्या शेवटी अशी दुसरी तारीख आहे का पाहा, असेल तर आपण काढून आम्हाला पाठवा.”

शेवटचं वाक्य काकांनी स्वतःहून घातलं. मला ते फार मोलाचं वाटलं, कारण पहिल्या प्रश्नानंतर माणूस बहुतेक वेळा ‘आभारी आहे’ लिहून थांबतो. इथं रात्री नऊला दुसरं उत्तर आलं. शेवटी तारीख नव्हती, पण त्यांनी पेटीतला दुसरा कागद काढला होता, आणि त्यातला ‘सबैन’ त्यांनी स्वतः ओळखला होता.

एक तांत्रिक गोष्ट आठवणीसाठी: उत्तर नव्या मेलमधून पाठवायचं नाही, त्यांच्याच मेलला उत्तर म्हणून पाठवायचं. तसं केलं की माथ्यावर `In-Reply-To` आणि `References` आपोआप जातात आणि फोटो, प्रश्न, उत्तर एका माळेत राहतात. वहिनींनी आज आधी वेगळा मेल लिहिला होता. वेळेत पाहिलं म्हणून बरं, नाहीतर छ चं उत्तर एका ठिकाणी आणि छ चा फोटो दुसरीकडे.

२७ जून, शुक्रवार

रात्रीतून पेटीत ४३ मेल. आनंदाने उघडली, तर सगळे एकाच पत्त्यावरून, सगळे एकसारखे: मी रजेवर आहे.

दोष माझा. परवा मी एक आपोआप जाणारी पोच लावली होती, ‘आपला प्रश्न मिळाला, काका दोन दिवसांत उत्तर देतील.’ एका कचेरीच्या पत्त्यावरून नोंदणी झाली, स्वागत गेलं, तिथल्या यंत्रणेने रजेचं उत्तर दिलं, माझ्या पोचेने त्याला पोच दिली, त्या यंत्रणेने पुन्हा रजा कळवली. बहुतेक मेल सेवा एका माणसाला रजेचं उत्तर काही दिवसांत एकदाच देतात. ही प्रत्येक वेळी देत होती.

यावरचा नियम २००४ पासून आहे, आरएफसी ३८३४. यंत्राने पाठवलेल्या मेलच्या माथ्यावर तसं लिहायचं. स्वागताच्या मेलवर आता ही ओळ जाते:

```
Auto-Submitted: auto-generated
```

ती वाचणाऱ्या यंत्रणा रजेचं उत्तर देत नाहीत. आणि आमच्या पेटीत येणारे मेल एकेक करून पाहणाऱ्या लूपच्या आत:

```python
auto = (mail["Auto-Submitted"] or "no").strip().lower()
if auto != "no":
    continue   # हा माणसाचा प्रश्न नाही
```

सगळ्याच यंत्रणा ही ओळ लिहीत नाहीत, त्यामुळे चाळणीतून काही सुटतील. म्हणून पोचच काढून टाकली. वहिनी सकाळी पेटी उघडतात तेव्हा दोन शब्द हाताने लिहितात, ‘फोटो स्पष्ट आहे, काकांकडे दिला.’ हे उशिरा जातं, पण त्यात फोटो पाहिल्याची खात्री असते. यंत्राची पोच अस्पष्ट फोटोलाही ‘मिळाला’ म्हणते आणि माणूस दोन दिवस उगाच वाट पाहतो.

४ जुलै, शुक्रवार

नव्या शब्दांनंतर आजवर २६ मेल गेले, सात जणांचं उत्तर आलं. पाच फोटो कागदांचे, दोन स्वतः लिहिलेल्या नावाचे. आकडा लहान आहे, त्यावरून फार काही ठरवणार नाही. पण आधीच्या १९ मधून शून्य होते, आणि दोन्हींत मुख्य फरक काय मागितलं याचा आहे.

पाच फोटोंपैकी दोन वाचता आले नाहीत. एकात कागदाच्या घडीची सावली ओळीवर पडली होती, दुसऱ्यात फ्लॅशमुळे जुनी शाई चमकून पुसट झाली. दोघांना वहिनींनी फोन करून परत काढायला सांगितलं, ते त्यांनी केलंही. पण प्रत्येकाला फोन शक्य नाही, म्हणून मेलमध्ये एक वाक्य वाढवलं: खिडकीजवळ, फ्लॅश बंद. यापेक्षा जास्त सूचना द्यायला मी नको म्हटलं. चार सूचना झाल्या की फोटो काढणं हेच काम वाटायला लागतं.

काका आठवड्याला साधारण दहा ओळी वाचू शकतात, डोळ्यांना तेवढंच झेपतं. नोंदण्या वाढल्या तर ‘दोन दिवसांत’ हे खोटं ठरेल. म्हणून वायदा बदलून ‘आठवडाभरात’ केला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर आलं तर कोणी रागावत नाही.

आजपासून जाणारा मजकूर, जसाच्या तसा:

> नमस्कार,
>
> मोडीच्या वर्गात आपलं स्वागत. पहिला धडा ॲपमध्ये तयार आहे, त्याला साधारण वीस मिनिटं लागतात.
>
> आपल्याकडे जुना मोडी कागद असेल तर अडलेल्या एका ओळीचा फोटो काढून याच मेलला उत्तर म्हणून पाठवा. खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून काढा. काही लिहायची गरज नाही.
>
> कागद नसेल तर पहिल्या धड्यानंतर आपलं नाव आपणच मोडीत लिहा आणि त्याचा फोटो पाठवा. वळण चुकलं असेल तिथं आम्ही खूण करून देऊ.
>
> नुकताच आलेला एक प्रश्न: मोडीत ऱ्हस्व-दीर्घ कसं ओळखायचं? ओळखता येत नाही. मोडीत इकार आणि उकार एकाच प्रकारे लिहितात. दिन की दीन हे वाक्यावरून ठरवावं लागतं.
>
> हा पत्ता माणसं वाचतात. उत्तर आठवडाभरात येईल.

रामबागेतल्या आजींना हा मेल आपोआप जाणार नव्हता, त्यांची नोंदणी जुनी. वहिनींनी तो हाताने पाठवला. संध्याकाळी फोटो आला: पेटीतला कागद, त्यावर आजींचं बोट, आणि बोटाखाली झाकलेली नेमकी तीच ओळ. वहिनी उद्या जाऊन बोट बाजूला ठेवून काढून आणणार आहेत.